टॉवेलच्या विणकामातली नॉर्मल आणि अ‍ॅबनॉर्मल घट खात्यात कशी दाखवायची?

प्रश्न: सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. विणकामाला 1,000 किलो सूत दिलं, माल 930 किलोच आला. ही घट प्रोसेस खात्यात कशी घ्यायची?

उत्तर: आधी ठरवा की 1,000 किलोला किती घट धरलेली आहे. हे प्रमाण मागच्या नोंदींवरून काम सुरू होण्याआधी ठरलेलं असावं. घट बघून मग टक्केवारी ठरवली तर अ‍ॅबनॉर्मल असं काही उरतच नाही. समजा 5 टक्के धरले, म्हणजे नॉर्मल लॉस 50 किलो आणि उरलेले 20 किलो अ‍ॅबनॉर्मल.

आता रक्कम. सूत 2,00,000, मजुरी 25,000, इतर खर्च 14,500, एकूण 2,39,500 रुपये. वेस्ट सूत 40 रुपये किलोने विकलं जातं असं धरू. नॉर्मल लॉसच्या 50 किलोंना फक्त ही भंगार किंमत, म्हणजे 2,000 रुपये. ती वजा करून उरलेल्या 2,37,500 ला 950 किलोंनी भागायचं: 250 रुपये किलो.

गफलत होते ती इथेच. बरेच जण 930 ने भागतात. मग दर सुमारे 255 रुपयांवर जातो आणि माग बिघडल्याने किंवा चुकीच्या सेटिंगमुळे झालेलं नुकसान गुपचूप चांगल्या टॉवेलच्या किमतीत शिरतं. विणताना टाळताच येत नाही त्या घटीचा भार चांगल्या मालाने उचलायचा, पण टाळता आली असती ती घट मालाच्या किमतीत येता कामा नये. साठ्याच्या मूल्यांकनाचं एएस 2 हे मानकही तेच सांगतं.

म्हणून अ‍ॅबनॉर्मलच्या 20 किलोंना चांगल्या मालाइतकाच पूर्ण दर लावा: 5,000 रुपये. प्रोसेस खात्याच्या जमा बाजूला तीन ओळी येतील: नॉर्मल लॉस 2,000, अ‍ॅबनॉर्मल लॉस 5,000 आणि पुढच्या खात्याला गेलेला 930 किलो माल 2,32,500. बेरीज 2,39,500, खातं जुळलं. अ‍ॅबनॉर्मल लॉस खात्यात 5,000 नावे टाका, त्या 20 किलोंच्या विक्रीचे 800 जमा करा, आणि राहिलेले 4,200 कॉस्टिंग नफा-तोटा खात्यात न्या.

उलट माल 960 किलो आला असता, तर 10 किलोंचा अ‍ॅबनॉर्मल गेन. त्याचे 2,500 प्रोसेस खात्याच्या नावे बाजूला येतात. पण वेस्ट 50 ऐवजी 40 किलोच मिळालं, म्हणून बुडालेले 400 वजा करून नफा-तोट्याला 2,100 जमा करा. हे 400 हमखास विसरले जातात.

आणखी एक, वजनाबद्दल. कापसाच्या सुताचं व्यापारी वजन 8.5 टक्के ओलावा धरून मोजतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात कोरड्या गोदामात ठेवलेलं सूत हलकं होतं. उलट ताण्याला लावलेली खळ मालाचं वजन वाढवते आणि खरी घट झाकते. सूत देताना आणि माल घेताना ओलावा तपासा, खळीचं वजन वजा करा, मगच 20 किलो खरोखर अ‍ॅबनॉर्मल म्हणा.