1982 च्या डॉलरची आजच्या रुपयांतली किंमत: दोन वाटा आणि आमच्या घरातला एक वाद

प्रश्न: 1982 साली अमेरिकेत 200 डॉलरला मिळणारी वस्तू आजच्या रुपयांत केवढ्याची म्हणायची? आधी महागाई लावायची की आधी डॉलरचे रुपये करायचे? दोन्हीकडून वेगवेगळी उत्तरे येतात. बरोबर कोणते?

उत्तर: दोन्ही बरोबर आहेत, फक्त ती एकाच प्रश्नाची उत्तरे नाहीत. आमच्या घरात याच हिशेबावरून दोन वर्षे बोलणी अडली आहेत, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आधी पद्धत सांगतो. जुन्या किमतीच्या प्रत्येक आकड्याला दोन खुणा असतात, चलन आणि साल. विनिमय दर चलन बदलतो, साल बदलत नाही. म्हणून 1982 च्या रकमेला 1982 चाच दर लावायचा. महागाईचा निर्देशांक साल बदलतो, चलन बदलत नाही. म्हणून डॉलरला अमेरिकेचा निर्देशांक आणि रुपयाला भारताचा. हे पाळले की दोनच वाटा उरतात. एक, डॉलर 1982 मधून आजपर्यंत आणायचे आणि मग आजच्या दराने रुपये करायचे. दुसरी, 1982 च्या दराने रुपये करायचे आणि मग ते आजपर्यंत आणायचे.

आता आमची गोष्ट. ठाण्यात नौपाड्यात आजोबांचे घर होते. 1982 मध्ये त्याची मोठी दुरुस्ती निघाली आणि तेव्हा न्यू जर्सीत असलेल्या काकांचा वाटा बाबांनी भरला. त्याच वर्षी काकांनी बाबांसाठी 250 डॉलरचा कॅमेरा पाठवला होता. बाबांच्या वहीत अजूनही ते पान आहे: 250 गुणिले 9.46, बरोबर 2,365, आणि पुढे निळ्या शाईत ‘फिट्टंफाट’. काकांनीही ते त्या वेळी मान्य केले होते. आता इमारत पुनर्विकासाला गेली आहे, पैशांचे वाटप करायचे आहे आणि माझ्या चुलतभावाने जुनी देणीघेणी ‘आजच्या किमतीला’ मांडायचा आग्रह धरला आहे. त्याच्या कागदावर काकांच्या कॅमेऱ्यापुढे 68,000 रुपये आहेत आणि बाबांनी भरलेल्या पैशांपुढे 44,500. ज्या रकमा त्या दिवशी पैशाला पैसा जुळत होत्या, त्यांच्यात साडेतेवीस हजारांचा फरक पडला आणि तो आमच्या नावावर निघाला.

गंमत म्हणजे त्याचे दोन्ही आकडे अंकगणिताने अचूक आहेत. अमेरिकेचा ग्राहक किंमत निर्देशांक 1982 साली सरासरी 96.5 होता आणि 2024 साली 313.7, म्हणजे किमती सव्वातीनपट झाल्या. 250 डॉलरचे सुमारे 813 डॉलर झाले आणि 2024 चा सरासरी दर 83.7 रुपये धरला की 68,000 येतात. दुसऱ्या बाजूला भारतातल्या औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक आहे. त्याची 1982 ही एक पायाभूत मालिका होती, तिच्यात 1982 बरोबर 100. त्यानंतर पाया 2001 ला सरकला आणि पुढे 2016 ला. 2024 चा आकडा 2016 च्या पायावर सुमारे 141 आहे. त्याला दोन मालिका जोडणाऱ्या 2.88 या गुणकाने गुणले की तो 2001 च्या पायावर जातो आणि पुन्हा 4.63 ने गुणले की 1982 च्या पायावर, जवळपास 1,880. म्हणजे आपल्याकडच्या किमती 18.8 पट झाल्या आणि 2,365 चे 44,500 झाले.

या जोडगुणकांपाशीच बहुतेकांचे घोडे अडते. ज्यांनी नोकरीत महागाई भत्त्याची पत्रके केली आहेत त्यांना 2.88 आणि 4.63 तोंडपाठ असतात; इतर लोक 141 भागिले 100 करून मोकळे होतात आणि बेचाळीस वर्षांत महागाई फक्त 41 टक्के झाली असे सांगतात. असे उत्तर आले की समजायचे, पाया बदललेला पाहिलेला नाही. प्राप्तिकराचा खर्च महागाई निर्देशांकही येथे चालत नाही. तो भांडवली नफ्याच्या करासाठी आहे आणि त्यात ग्राहक किमतींच्या वाढीचा तीनचतुर्थांश भागच धरतात.

याहून ढोबळ घोळ चुलतभावाच्या मुलाने केला. त्याने 250 डॉलरला 2024 चा दर लावून 20,925 रुपये केले, त्यांना वर 18.8 ने गुणले आणि काकांचा कॅमेरा 3,93,000 रुपयांचा झाल्याचे गटावर जाहीर केले. 1982 च्या डॉलरला 2024 चा दर लावताच साल न बदलता सालाची खूण पुसली गेली. रुपयाच्या घसरणीचा मोठा भाग हा आपली महागाई अमेरिकेपेक्षा जास्त राहिल्यामुळेच असतो. तो दरात एकदा आला आणि निर्देशांकातून पुन्हा मोजला गेला. दोन्ही वाटांनी काढलेल्या उत्तरांत दीडपट-दुप्पट अंतर असेल तर त्याला आर्थिक कारण असू शकते. पाच-सहापट असेल तर बहुधा खुणांची गल्लत झालेली असते.

मग आमच्या दीडपटीचे कारण काय? दोन्ही देशांतल्या महागाईतला फरक तेवढाच धरला, तर 9.46 चा डॉलर 2024 मध्ये 55 रुपयांच्या आसपास असायला हवा होता. तो 83.7 होता. म्हणजे महागाईने जेवढा पडायला हवा त्याहून रुपया जास्त पडला. आता हे केव्हा घडले ते पाहिले पाहिजे. 1982 मध्ये दर बाजारात ठरत नव्हता. रिझर्व्ह बँक 1975 पासून तो काही चलनांच्या टोपलीशी बांधून ठरवत होती, आणि आयात परवान्यांमुळे डॉलरची मागणीच दाबलेली होती. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात दर हळूहळू सोडला गेला, जुलै 1991 मध्ये दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले आणि 1993 मध्ये दर बाजारावर सोपवला गेला, तेव्हा डॉलर सुमारे 31 रुपयांवर होता. महागाईच्या हिशेबाने तो त्या वर्षी 16 च्या जवळपास असायला हवा होता. म्हणजे ही दरी संपूर्णपणे पहिल्या अकरा वर्षांत पडली. त्यानंतर ती रुंदावली नाही, उलट थोडी कमीच झाली. म्हणून 1995 च्या किमतीला दोन्ही वाटांनी आणाल तर आमच्यासारखा फरक त्याच दिशेने दिसेलच असे नाही. सुरुवातीचे साल कोणते, यावर सारे अवलंबून आहे.

माझे मत स्पष्ट आहे. डॉलर ज्याच्या खिशातून गेले आणि जे त्याने डॉलरमध्येच कमावले, त्याला किती झळ बसली हे पाहायचे असेल तर डॉलरची वाट. ती रक्कम ठाण्यात किती कामाची होती हे पाहायचे असेल तर रुपयाची वाट. परंतु एकाच कागदावर एका भावाची रक्कम एका वाटेने आणि दुसऱ्याची दुसऱ्या वाटेने नेऊन वजाबाकी करणे हा हिशेब नव्हे. काकांच्या 250 डॉलरचे 68,000 होत असतील तर बाबांचे 2,365 रुपयेही त्या दिवशी 250 डॉलरच होते, त्यांचेही 68,000 धरावेत. बाबांचे 44,500 होत असतील तर कॅमेऱ्याचेही तेवढेच. कोणतीही वाट घ्या, वजाबाकी शून्य येते. चुलतभावाचे म्हणणे असे की बाबांनी डॉलर कुठे दिले होते. अहो, मग काकांनी रुपये तरी कुठे दिले होते?

झळ पाहायचीच असेल तर निर्देशांक बाजूला ठेवून मजुरी पाहावी. 1982 मध्ये अमेरिकेत किमान वेतन तासाला 3.35 डॉलर होते, म्हणजे अगदी तळाच्या कामगारालाही तो कॅमेरा 75 तासांत मिळवता आला असता, आणि काका तर इंजिनिअर होते. बाबांचा पगार तेव्हा महिन्याला बाराशेच्या आत होता. 2,365 म्हणजे दोन महिन्यांचा पगार. हे आकडे पुढे ठेवले की कोणाला काय जड गेले ते दिसते, आणि म्हणूनच ते आमच्या बैठकीत कोणी पुढे ठेवत नाही.

दोन गोष्टी मात्र काकांच्या बाजूनेही मांडायला हव्यात. 9.46 हा अधिकृत दर होता, आणि तो दाबून धरलेला असल्यामुळे त्या दराने डॉलरची ठाण्यातली खरी किंमत कमी दिसते. रोजच्या व्यवहारात बाहेरून आलेल्या वस्तूला केवढा मान आणि केवढा भाव होता, हे त्या काळातल्या कोणालाही विचारा. असा कॅमेरा येथे जकात भरून 2,365 रुपयांत मिळाला नसता. त्यामुळे रुपयाच्या वाटेचे 44,500 हे कमी बाजूला झुकलेले आहेत. दुसरे असे, की दोन्ही निर्देशांक घरखर्चाच्या टोपलीचे आहेत, कॅमेऱ्यांचे नव्हेत. औद्योगिक कामगारांच्या टोपलीत अन्नधान्याचा वाटा मोठा असतो, अमेरिकेच्या टोपलीत घराचा. म्हणून 68,000 किंवा 44,500 ही त्या कॅमेऱ्याची आजची किंमत नाही, त्या पैशांची आहे. कॅमेऱ्याची आजची किंमत हवी असेल तर दुकानात जाऊन तेच काम करणारा आजचा कॅमेरा केवढ्याला मिळतो ते विचारावे; तो आकडा या दोहोंशी जुळण्याचे काहीच कारण नाही.

तुमच्या 200 डॉलरचे 2024 च्या रुपयांत डॉलरच्या वाटेने सुमारे 54,400 होतात आणि रुपयाच्या वाटेने 35,600. वस्तू अमेरिकेतल्या माणसाने तिथेच घेऊन तिथेच वापरली असेल तर पहिला आकडा लिहा. त्याच वेळी भारतात कोणाला ती परवडली असती का, हे सांगायचे असेल तर दुसरा लिहा, मात्र जकात त्यात नाही असे सोबत नमूद करा. आणि कोणाचे देणेघेणे मिटवायचे असेल, तर कागदावर आधी एकच वाट लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या, गुणाकार नंतर.