प्रपोजच्या व्हिडिओची स्क्रिप्ट लिहितोयस तर आधी हे वाच

भाऊ, स्क्रिप्ट शेवटून लिही. आधी ठरव की व्हिडिओ संपतो तेव्हा ती कुठे बसलीय आणि तू कुठून येणार, मग आठवणी निवड, आणि त्या तीनच घे, वीस फोटोंचा स्लाइडशो झाला की दोन मिनिटांत तिचं लक्ष उडतं.

आठवण म्हणजे "आपण खूप फिरलो" नाही. फुटाळा तलावावर पाऊस आला, तिने तुझ्या हेल्मेटमध्ये भुट्टे झाकून ठेवले, असं लिही, जे फक्त तुम्हा दोघांनाच माहितीये. अन् तुझ्याच आवाजात बोल, गाणं मागे हळू ठेव.

नवीन लोकं हमखास चुकतात ते म्हणजे अंगठी किंवा लग्नाचा शब्द सुरुवातीलाच येतो, मग सरप्राइज उरतच नाही. वाढदिवसाचा व्हिडिओ वाटू दे. तिसरी आठवण तिथलीच घे जिथे ती आता बसलीय, शेवटचा शॉट त्याच जागेचा, "आता मागे बघ" एवढंच, मग दहा सेकंद काळी स्क्रीन, तेवढ्यात तू मागे येऊन उभा.

प्रश्न व्हिडिओत विचारू नको, समोर विचार. ड्रोन-बिन नंतर बघू.