रात्रभर गॅसवर ठेवलेलं हाडांचं सूप, सकाळी टोप गरमच होता, तर चालेल का?

प्रश्न: सासऱ्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालंय म्हणून मटणाच्या नळ्या आणि पाय आणून सूप करायला घेतलं. सहा-सात लिटरचा टोप, रात्री साडेदहाला एकदम बारीक गॅसवर ठेवून झोपले. सहाला उठले तर सिलेंडर संपलेला. टोप मात्र चांगला गरम, आत बोट घातलं तर गरम लागतंय पण भाजत नाही, वासही मस्त. सासूबाई म्हणतात एक सणसणीत उकळी काढ, काय होत नाय. देऊ का?

उत्तर:

ताई, नका देऊ. ओतून टाका. नळ्यांचे पैसे गेले, जीवाला लागतं, मला माहितीये, पण घरात ऑपरेशन झालेला म्हातारा माणूस आहे. आता का ते सांगतो, जरा लांबड लागेल.

तुम्ही लिहिलंय ना की बोट घातलं तर गरम लागतं पण भाजत नाही, सगळी गोम तिथेच आहे. आपल्या बोटाला पंचेचाळीस डिग्रीचं पाणीसुद्धा चांगलं गरम लागतं. साठ डिग्रीच्या पाण्यात तुम्ही बोट ठेवूच शकला नसता, चटका बसून हात मागे आला असता. म्हणजे तुमचं सूप साठच्या बरंच खाली आलेलं होतं. आणि हाडामांसाच्या पाण्यात साधारण पाच ते साठ डिग्री हा पट्टा म्हणजे जंतूंचं मोकळं रान, त्यातही चाळीस ते पंचेचाळीसच्या आसपास त्यांची चंगळ.

मालवणजवळ माझी छोटी खानावळ आहे, पंधराएक वर्षं झाली. ह्या बाबतीत मी स्वतः शेकून निघालोय. एका गटारीला मटणाच्या ऑर्डरी भरपूर होत्या म्हणून आदल्या रात्री हाडं उकळून रश्श्यासाठी मोठा टोपभर अळणी पाणी काढून ठेवलं. अकराला गॅस बंद केला, वर घट्ट झाकण, मनात विचार असा की सकाळपर्यंत गरम राहील, फ्रीजमध्ये एवढा टोप मावतोय कुठे. सकाळी ते कोमटच्या जरा वर होतं, वास सुंदर, मी ते गरम केलं, म्हणजे वाफा आल्या तेवढंच, नीट खदखदवलं नाही, गडबडीत होतो. आधी घरच्यांनी आणि पोरांनी खाल्लं म्हणून वाचलो, गिऱ्हाइकाला गेलं नाही. दुपारी दीडला जेवले आणि रात्री अकरा-बारापासून पाचही जणांच्या पोटात मुरडा आणि जुलाब. उलटी कोणालाच नाही, ताप नाही. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत सगळे उभे राहिले पण माझी आई सत्तरीची, ती दोन दिवस ओआरएसवर.

डॉक्टरांनी ऐकल्या ऐकल्या विचारलं, मोठ्या भांड्यात केलेलं मटण होतं का? टेस्ट वगैरे काही झाली नाही, पण त्यांनी जे सांगितलं ते तंतोतंत जुळत होतं. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा एक जंतू आहे, मांसाचे मोठे टोप सावकाश गार होतात तिथला हा नेहमीचा पाहुणा. ह्याची बीजं असतात, स्पोअर म्हणतात त्यांना, ती उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. बाकीचे बहुतेक जंतू उकळीत मेले की ह्याला रान मोकळंच. वर उकळून पाण्यातली हवा निघून गेलेली असते आणि ह्याला हवा नकोच असते. पन्नासच्या खाली आलं की बीजं जागी होतात, आणि बरोबर तापमान मिळालं की दर दहाएक मिनिटांनी एकाचे दोन होतात. हिशोब करा, तासाला सहा वेळा दुप्पट, दोन तासात एकाचे चार हजार. आणि वास, चव, रंग काही बदलत नाही, म्हणून हुंगून बघण्याला इथे अर्थ नाही.

त्यानंतर मी चारशे रुपयांचा खुपसायचा थर्मामीटर आणला आणि एका रात्री नुसतं पाणी घेऊन बघितलं. तोच टोप, आठ लिटर पाणी, झाकण, रात्री दहाला खळखळ उकळून गॅस बंद, किचनमध्ये अठ्ठावीस डिग्री (आपल्याकडे रात्र तरी कुठे गार असते). साडेबाराला बासष्ट, एकच्या आधी साठच्या खाली. दोनला पन्नास. पावणेचारला एक्केचाळीस. सहाला उठलो तर पस्तीस. म्हणजे पहिले अडीच-पावणेतीन तास काही धोका नाही, आणि त्यानंतर दोन ते सहा आख्खे चार तास तो टोप नेमका त्याच नको त्या पट्ट्यात. माझ्यासारखं ते रात्रभर तिथे बसून बघायची गरज नाही कोणाला, बायको अजून हसते.

ह्यावरून तुमचं गणित. टोप जरा लहान म्हणजे थोडा लवकर गार होणार. सहाला बोट सहन करतंय म्हणजे पंचेचाळीसच्या आसपास किंवा खाली धरू. तिथपर्यंत यायला गॅस संपून साडेतीन-चार तास तरी लागले असणार, म्हणजे सिलेंडर दोनच्या सुमारास किंवा आधीच गेला. साठच्या खाली किती वेळ होतं हे नक्की कळायला मार्ग नाही, आणि माझा नियम असा की जिथे वेळ माहीत नाही तिथे सूप नाही. हेच जर तुम्हाला पाचला जाग आली असती, गॅस संपलेला दिसला असता आणि सूप अजून वाफाळत, बोट लावता येत नाही इतकं कडक असतं, तर मी म्हटलं असतं दुसरा सिलेंडर लावा आणि चालू द्या.

आता सासूबाईंची उकळी. माझी आई पण तेच म्हणायची, "एक उकळी काढ, काय एक होवचा नाय." त्यात तथ्य नाही असं नाही. परफ्रिंजेन्सचे वाढलेले जंतू खरंच उकळीने मरतात, मी त्या दिवशी नुसतं वाफा येईपर्यंत गरम न करता दहा मिनिटं खदखदवलं असतं तर कदाचित वाचलो असतो. पण टोपात तो एकटाच असतो असं कोणी सांगितलं? हाताला जखम किंवा फोड असला की स्टॅफिलोकोकस उतरतो, तांदूळ-पिठाच्या हातातून बॅसिलस सेरियस येतो, हे दोघे वाढताना जे विष सोडून ठेवतात ते उकळून जात नाही. जंतू मेला, विष जाग्यावर. म्हणून उकळीवर भरवसा ठेवून म्हाताऱ्या माणसाला ते द्यायचं नाही.

आणि आईच्या वेळी चूल होती हे लोक विसरतात. जेवण झालं तरी निखारे राखेखाली धगधगत असायचे, वैलावर ठेवलेलं भांडं तापतच राहायचं, आणि मुळात टोप होता दीड-दोन लिटरचा. शिवाय ते जे मुरलेलं, दोनदा उकळवून आटवलेलं माशाचं कालवण आपण दुसऱ्या दिवशी चाटून खातो, ते बुडाशी चार वाट्या, त्यात कोकमांचा आंबटपणा वेगळा. सूपात कोणी दोन कोकमं किंवा चमचाभर व्हिनेगर टाकून निश्चिंत राहत असेल तर तसं नाही, सहा लिटरात तेवढ्याने जंतू थांबण्याइतकं आंबट होत नाही. मिठाचंही तेच, पिता येईल इतक्या मिठाने त्यांचं काही बिघडत नाही.

मग रात्रभर ठेवूच नये का, तर खरं सांगायचं तर सूप सतत मंद उकळत असेल, म्हणजे मधूनमधून बुडबुडा वर येतोय, तर बारा तास ठेवा, जंतूंच्या बाजूने काही प्रॉब्लेम नाही. 'नुसतं गरम' आणि 'उकळतंय' ह्यात लोक गफलत करतात. इलेक्ट्रिक कुकरच्या वॉर्म मोडवर साठच्या वर राहतं का ते एकदा थर्मामीटरने बघून घ्या, आणि आपल्याकडे लाईट कधी जाईल नेम नाही, बरेचसे इंडक्शन लाईट आली तरी आपले आपण परत चालू होत नाहीत. पण गॅस पेटता ठेवून झोपणं मला वेगळ्याच कारणासाठी पटत नाही. खिडकीतून खारा वारा आला की बारीक ज्योत विझते, गॅस मात्र चालू राहतो. तुमचा सिलेंडर संपला हे त्यातल्या त्यात बरं झालं. नाहीतर पाणी आटून टोप करपतो.

आणि गरज काय आहे? नळ्या आणि पाय धुवून, आधी एक उकळी काढून ते फेसाचं पाणी फेकून द्या, मग प्रेशर कुकरला पहिल्या शिट्टीनंतर बारीक गॅसवर तासभर. रात्रभराचं काम होऊन जातं, गार झाल्यावर छान खरवससारखं थिजतं. संध्याकाळी सातला लावलंत तर साडेआठला हातात.

तिथून पुढचं काम मात्र झोपायच्या आधी संपवायचं. हाडं गाळून काढा, ती उष्णता धरून ठेवतात. सूप दोन-तीन पसरट भांड्यांत ओता, दोन-तीन बोटं खोल एवढंच. ही भांडी पाणी भरलेल्या घमेल्यात किंवा परातीत ठेवा आणि डावाने ढवळत राहा. आपलं विहिरीचं पाणी काही थंड नसतं, त्यामुळे एकदा पाणी बदला आणि दुसऱ्या पाण्यात बर्फ टाका (मासे ठेवायचा बर्फ घेतलात तर तो भांड्याच्या बाहेरच, सूपात उडू देऊ नका). माझ्याकडे दोन लिटरचं भांडं असं अर्ध्या-पाऊण तासात कोमटच्या खाली येतं. मग झाकण तिरकं ठेवून फ्रीजमध्ये, गार झाल्यावर नीट बंद. वर चरबीचा थर जमला की फ्रीजमध्ये तसाच राहू द्या, पण गरम टोपावर जमलेला तोच थर गोधडीसारखं काम करतो आणि आत गार होऊ देत नाही, म्हणून सुरुवातीला ढवळणं महत्त्वाचं.

फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, जास्त असेल तर वाटीवाटीने फ्रीझरला. सासऱ्यांना द्यायचं तेवढंच काढून पूर्ण उकळवा, आख्खं भांडं रोज गरम-गार करू नका.

आणि हो, चव बघायला सकाळी तुम्ही कोणी एखादा चमचा घेतला असेल तर घाबरू नका. आज रात्रीपर्यंत पोट मुरडलं तर ओआरएस सुरू करा, जुलाबात रक्त दिसलं किंवा लघवी कमी झाली तर डॉक्टरकडे जा. सासऱ्यांनी घेतलं असेल तर मात्र पहिला जुलाब झाला की लगेच फोन करा, वाट बघू नका.

नळ्या उद्या सकाळी आणा, दुपारनंतर उरतात त्या बऱ्याचदा नुसत्या गुडघ्याच्या असतात.