खालच्या नेव्हिगेशन बारमध्ये बटणं केवढी ठेवू?

माझ्या अ‍ॅपमध्ये पाच टॅब आहेत. एका हाताने वापरताना अंगठा चुकीच्या टॅबवर पडतो. आकार आणि अंतर किती ठेवावं?

आयकॉन 24dp चाच राहू द्या, पण टॅपचं क्षेत्र किमान 48dp हवं, म्हणजे साधारण 9 मिमी. 360dp रुंद स्क्रीनवर पाच टॅबना प्रत्येकी 72dp मिळतात. तो पूर्ण कप्पाच टॅपला प्रतिसाद देऊ द्या. मध्ये मोकळी पट्टी सोडलीत तर तिथला स्पर्श वाया जातो.

खरी गफलत बहुधा उंचीत असते. 56dp चा बार स्क्रीनच्या तळाला टेकवला आणि खालचे 24dp जेश्चर पट्टीने घेतले, तर हाती 32dp उरतात. म्हणून सिस्टिमचा खालचा इनसेट 56 मध्ये मिळवा, त्यातून वजा करू नका. तपासायला डेव्हलपर ऑप्शन्समधलं ‘Show layout bounds’ चालू करा.