ग्रोथ चार्टच्या फोटोवर वजन कुठल्या पर्सेंटाइलमध्ये येतं ते कसं बघायचं?

"मुलगी ६ महिन्यांची, वजन ६.६ किलो. डॉक्टरांच्या फाइलमधल्या डब्ल्यूएचओ चार्टचा फोटो आहे, पण नक्की कुठल्या पट्ट्यात येते ते कळत नाही."

१५ आणि ५० च्या मधे, १५ च्या जरा वर. मुलींच्या चार्टवर ६ महिन्यांला १५ ची रेघ ६.४ ला आणि ५० ची ७.३ ला येते, तुमचं ६.६ त्यांच्या मधे बसतं. पण आधी चार्टचं शीर्षक बघा, कारण मुलांच्या चार्टवर १५ ची रेघच ७.१ ला आहे, म्हणजे तिथे हेच वजन ३ ते १५ मधे दिसेल आणि उगाच घाबरायला होईल.

फोटो तिरका असेल तर नजरेने सरळ वर जाऊ नका, खालच्या ६ पासून छापलेली उभी रेघच धरून वर जा, तशीच ६.६ ची आडवी, आणि रेघांचे आकडे उजव्या टोकाला असतात ते झूम करून वाचा. वय पूर्ण झालेल्या महिन्यांत धरा. बाळ वेळेआधी झालं असेल तर तेवढे आठवडे वयातून वजा करायचे. आणि हो, आधीचे ठिपकेपण बघा, ५० वरून इथे घसरली असेल तर डॉक्टरांना दाखवा, पहिल्यापासून इथेच असेल तर ठीक आहे.