डबक्यातलं प्रतिबिंब फोनमध्ये येत का नाही?

प्रश्न: पाऊस थांबल्यावर रात्री डबक्यात दिव्यांचं प्रतिबिंब मस्त दिसतं. फोटो काढला की मात्र काळं पाणी आणि पांढरेफट्ट ठिपके. माझा फोन जुना आहे म्हणून का?

उत्तर: फोन जुना असला तरी चालेल, तो फक्त खूप वर धरला जातोय. पाण्यावर अगदी सरळ वरून पाहिलं तर त्यातून जेमतेम 2 टक्के प्रकाश परावर्तित होतो. उभं राहून दोन-अडीच मीटरवरच्या डबक्याचा फोटो काढताना हा आकडा फार तर 5-6 टक्क्यांवर जातो. पण भिंग पाण्याच्या 5 सेंटीमीटर वर आणून समोर 30 सेंटीमीटरवरचं पाणी पाहिलं, तर सुमारे एक तृतीयांश प्रकाश परत येतो. एवढ्या खाली जायचं तर फोन उलटा धरा, म्हणजे भिंगाची बाजू जमिनीकडे येईल. फोटो बहुधा आपोआप सरळ होतो, नाही झाला तर नंतर फिरवता येतो.

समजा, रस्त्यापलीकडे 12 मीटरवर दुकानाची लाल पाटी आहे. खाली बसलात की हातभर लांबीच्या डबक्यातही ती अख्खी मावते. इथे बहुतेक जण पाण्याच्या कडेवर टॅप करतात आणि पाटी धूसर येते. पाणी जवळ असलं तरी त्यात दिसणारी पाटी फोकसच्या हिशेबाने 12 मीटरहून जवळ नसतेच. म्हणून प्रतिबिंबातल्या अक्षरांवर बोट दाबून फोकस लॉक करा. मग एक्सपोजर खाली ओढत जा, पाटीवरची अक्षरं वाचता येईपर्यंत. बाकीचं चित्र काळोखं वाटेल, वाटू द्या. सावल्या नंतर थोड्या उजळता येतात, पण जळून पांढरा झालेला रंग परत मिळत नाही.

नाइट मोड मी आधी बंदच ठेवतो. तो सेकंद-दोन सेकंदांचा प्रकाश एकत्र करतो आणि तेवढ्या वेळात वाऱ्याने पाणी हललं की अक्षरं विरघळतात. पाणी निश्चल असेल आणि फोन विटेला टेकवता येत असेल, तर जरूर वापरा.

डबकं नसलेला, नुसता ओला डांबरी रस्ता वेगळा. खडबडीत पृष्ठभागामुळे तिथे आरसा होत नाही, प्रत्येक दिव्याचा तुमच्याकडे येणारा लांब पट्टा होतो. त्यामुळे आकारांपेक्षा रंगांच्या मागे लागा. लाल-हिरवा सिग्नल, टेललाइट हे तिथे खुलतात. मला यासाठी उभ्यानेच, दुप्पट झूमवर काढलेले फोटो आवडतात, कारण पट्टे एकमेकांना खेटून येतात आणि वरचं काळं आकाश कमी होतं.

दिव्यांभोवती धुरकट वलय दिसलं तर आधी भिंग कोरड्या कापडाने पुसा. खाली धरल्यावर त्यावर शिंतोडे उडतातच. स्क्रीनवर पडलेला थेंबही कधी कधी बोटाचा स्पर्श समजला जातो आणि लॉक केलेला फोकस सुटतो, म्हणून शटरसाठी आवाजाचं बटण वापरा.