नऊ याद्या, एक पक्षी

प्रिय दोस्ता,

रविवारी पक्षिनिरीक्षण गटाच्या नव्या सभासदांशी दहा मिनिटं तू बोलणार आहेस, आणि 'ओळख पक्की नसेल तर तसं सांगा' हे त्यांच्या गळी कसं उतरवायचं, असं विचारलंस. सुरुवातीला दोन-तीन वेळा मी प्रामाणिकपणावर बोलले होते. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि अर्ध्या तासात आभाळातल्या पहिल्याच ठिपक्याला ठासून नाव दिलं. तेव्हापासून मी फक्त एका पक्ष्याबद्दल बोलते.

पक्षी हॅरियर, म्हणजे भोवत्या. पंख किंचित वर उचलून माळावर अगदी जमिनीलगत तरंगत जातो. पॅलिड आणि माँटेग्यू या दोन जातींचे प्रौढ नर वेगळे काढता येतात. पॅलिड नर फिकट राखाडी, पंखाच्या टोकाला काळी पाचर. माँटेग्यू नर जरा गडद, आणि पंखावर आडवी काळी रेघ. पण माद्या आणि पहिल्या वर्षाचे पक्षी दोन्हीकडे तपकिरीच. शेपटीच्या बुडाशी पांढरा डाग, शेपटीवर आडवे पट्टे. खरी परीक्षा इथे असते.

आता माझी फजिती सांगते, तीच तू त्यांना सांग. संध्याकाळची वेळ, ऊन तिरपं, पक्षी दोनशे मीटरवर. आम्ही नऊ जण होतो. मी दुर्बीण डोळ्याला लावली, मानेभोवती फिकट कॉलर दिसली आणि मी ओरडले, "पॅलिड! पहिल्या वर्षाचा!" कॉलर ही तरुण पॅलिडची खूण खरीच. पुढच्या मिनिटाभरात आठही जणांना कॉलर दिसली. रात्री नऊ याद्यांमध्ये पॅलिड लिहिला गेला.

एकाने फोटो काढला होता. दुसऱ्या दिवशी तो मोठा करून पाहिला तेव्हा माझा चेहरा पडला. उन्हाकडची डोक्याची बाजू पूर्ण पांढरी पडली होती. गाल, मान, खांदा, सगळंच उजळलेलं. तरुण पॅलिडची कॉलर उठून दिसते ती तिच्या मागे मानेच्या बाजूला गडद पट्टा असतो म्हणून. हा गडद पट्टा फोटोत नव्हताच. मला दिसली ती कॉलर नव्हती, ऊन होतं.

मग तो माँटेग्यू होता का? सगळे लगेच तिकडे उडी मारायला निघाले. इथे बोलताना थोडं थांब, कारण नवख्यांना हीच गोष्ट सगळ्यात अवघड जाते. पहिली ओळख चुकली म्हणजे दुसरी आपोआप बरोबर ठरत नाही. ज्या उन्हाने खोटी कॉलर दाखवली, तेच ऊन खरा गडद पट्टाही पुसून टाकू शकतं. फोटोत पोट सलग तांबूस होतं, त्यावर रेघा नव्हत्या. म्हणजे पक्षी पहिल्या वर्षाचा, इतकं पक्कं. पंख पूर्ण उघडलेल्या दुसऱ्या एका फोटोत टोकाची 'बोटं', म्हणजे सुटी दिसणारी पिसं, चार मोजता आली. हेन हॅरियर या तिसऱ्या सारख्या दिसणाऱ्या जातीला पाच असतात, म्हणून तो बाद. उरले दोन. त्या दोघांत निवड करायला लागणारी मान उन्हात पांढरी पडलेली, आणि पंखाची खालची बाजू सावलीत. आम्ही नऊ याद्या दुरुस्त केल्या आणि लिहिलं: 'पॅलिड किंवा माँटेग्यू, पहिलं वर्ष'. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर अशा जोडीच्या नोंदीची सोय असते, आणि त्याहून कमी माहिती असेल तर नुसतं 'हॅरियर' इतकंही लिहिता येतं.

ही नोंद अर्धवट नाही, हे त्यांना आवर्जून दाखव. गट कळला, वय कळलं, एक जात बाद झाली, आणि कोणत्या खुणेवर गाडी अडली तेही लिहिलेलं आहे. उद्या कोणाकडे त्याच पक्ष्याचा सावलीतला फोटो निघाला, तर ही नोंद पुढे नेता येईल. आमचं ठाम 'पॅलिड' तसंच राहिलं असतं तर ते कोणी पुन्हा उघडूनही पाहिलं नसतं.

माझी चूक उन्हाची कमी आणि तोंडाची जास्त होती. मी नाव घेतलं आणि आठ जणांचं पाहणं तिथेच संपलं. दिसायला नऊ नोंदी, पण पाहणारे डोळे दोनच. म्हणून आता आमच्याकडे एक नियम आहे: पक्षी समोर असताना पहिली दोन मिनिटं नाव घ्यायचं नाही, जुन्या सभासदाने तर नाहीच. प्रत्येकाने वहीत दिसलं ते लिहायचं. 'कॉलर आहे' असं न लिहिता 'मान फिकट, मागे गडद काही दिसलं नाही, ऊन समोरून' असं. मग वह्या शेजारी ठेवायच्या. आठांपैकी तिघांनी बोटं मोजली आणि तिघांची चारच भरली, तर त्याला वजन आहे. रविवारी हे करून घेच. बोलणं पाच मिनिटांत आटपलं तरी चालेल.

आयनॅचरलिस्ट हे निसर्गनोंदींचं संकेतस्थळ वापरणारे असतील तर त्यांनाही हेच लागू आहे. तिथे दोघांचं एकमत झालं तरी जातीची नोंद 'रिसर्च ग्रेड', म्हणजे अभ्यासात वापरण्याजोगी, ठरू शकते. त्यामुळे पहिल्याने दिलेलं नाव तुला स्वतःला खुणांवरून पटत नसेल, तर केवळ सौजन्य म्हणून सहमतीचं बटण दाबायचं नाही. आभार मानायला ते बटण नाही.

एक उलटा धोकाही आहे, आणि तो हुशार मुलांमध्ये जास्त दिसतो. चुकायला नको म्हणून ती सगळंच 'बहुधा' करून टाकतात. मागे एकीने स्वच्छ उन्हात, वीस मीटरवरून, पाच मिनिटं पाहिलेल्या खंड्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलं होतं. तिला मी विचारलं, "दुसरं काय असू शकेल?" तिला एकही नाव सुचेना. मग प्रश्नचिन्ह कशाला? शंका घ्यायची तर कोणत्या दोघांत आणि कोणत्या खुणेमुळे, हे सांगता आलं पाहिजे. ते सांगता येत नसेल तर एक तर ओळख पक्की आहे किंवा अजून नीट पाहिलेलं नाही.

आणि तुला भर घोळक्यात कोणी विचारलं, "हा कोणता?", आणि येत नसेल, तर 'नंतर सांगते' किंवा 'नंतर सांगतो' म्हणून वेळ मारून नेऊ नकोस. "मला इथून जात सांगता येत नाही, पण शेपूट दुभंगलेली दिसली" असं म्हण. जुनं माणूस असं म्हणतं तेव्हाच नव्यांची भीड मोडते. नुसतं सांगून ती मोडलेली मी पाहिलेली नाही.

सोबत माझी ती जुनी वही पाठवतेय, पान दुमडून ठेवलंय. 'पॅलिड'वर एकच रेघ मारलेली आहे, खालचं अक्षर वाचता येतं, आणि बाजूला दुरुस्तीची तारीख. खाडाखोड करून ते झाकलेलं नाही, हे दाखव. वही मात्र परत आण. मागच्या पानांवर काही तिरचिमण्या अजून 'जात?' म्हणून पडून आहेत, आणि त्यांच्या आवाजाची टिपणं मला पुन्हा एकदा ताडून पाहायची आहेत.

तुझी,
ताई